बी विंग ग्रुप, जुळे सोलापूर : डेंग्यू गेला, थकवा का जाईना?

रविवार

सुवर्णा (३०४): सगळ्यांना नमस्कार. एक विचारायचं होतं. डेंग्यूचा ताप जाऊन आता पाचवा आठवडा चालू आहे. प्लेटलेट कधीच नॉर्मल झाल्या, डॉक्टर म्हणाले आता काही काळजी नाही. पण अंगात जीवच नाही. सकाळी बरं वाटतं, अकरा वाजेपर्यंत पाय लटपटायला लागतात. कुणाला असं झालं होतं का?

श्रीनिवास अण्णा (१०१): वहिनी, आमच्या हिलापण गेल्या वर्षी अस्संच. दीड-दोन महिने चाललं. काय होलालंय कळंना झालं होतं.

देशमुख काका (२०२): सुवर्णा, पडून राहू नकोस. पहाटे सिद्धेश्वर तलावाला दोन चकरा मार, घाम निघू दे. अंग झाडल्याशिवाय थकवा जात नाही. आम्ही असंच बरे व्हायचो.

डॉ. अनघा (ए विंग): काका, तुमच्या मायेपोटीच तुम्ही सांगताय, पण तिला आत्ता घाम काढायला लावू नका, मी सांगते का ते. सुवर्णा, आधी एक सांग. रोज सारखंच दमायला होतं की काही दिवस फार वाईट असतात?

सुवर्णा: काही दिवस फार वाईट जातात ताई. परवा तर उठून दात घासायचंही जिवावर आलं होतं. आणि त्या दिवशी काही कामही केलं नव्हतं हो, म्हणून तर घाबरले.

डॉ. अनघा: त्या दिवशी नाही, पण त्याच्या आदल्या दिवशी?

सुवर्णा: आदल्या दिवशी पाणी आलं होतं.

डॉ. अनघा: हं. मग एक कर. आठ दिवस एका वहीत लिही. काय काम केलं, किती वेळ केलं, आणि रात्री झोपताना थकवा दहापैकी किती. बाकी काही बदलू नकोस. पुढच्या रविवारी बोलू.

पुढचा रविवार

सुवर्णा: ताई, वही पाहिली आणि मलाच कळलं. मंगळवारी पाणी आलं. खालच्या नळावरून पिण्याचं पाणी भरलं, दोन पिंपं, सगळ्या कळशा, मग साठलेले कपडे, मग फरशी. त्या रात्री थकवा ४. बुधवारी ६. गुरुवारी ९, दिवसभर अंथरुणात. शुक्रवारी, शनिवारी ७. आज ५. आता परत पाण्याचा दिवस येईल.

डॉ. अनघा: हेच मला बघायचं होतं. विषाणूजन्य आजारानंतरच्या थकव्याची हीच खोड आहे. काम केल्या केल्या तो दिसत नाही. बारा तासांनी, एका दिवसाने, कधी दोन दिवसांनी उसळतो. मंगळवारी तुला बरं वाटलं म्हणून तू चार दिवसांचं काम एका दिवसात उरकलंस, आणि गुरुवारी कारण शोधत बसलीस. मग दोन दिवस पडून राहायचं, जरा बरं वाटलं की राहिलेलं सगळं उपसायचं, परत पडायचं. या चक्रात थकवा महिनोन् महिने लांबतो. काका, पहाटेच्या दोन चकरांचंही असंच होईल. त्या दिवशी छान वाटेल, परवा उठवणार नाही.

देशमुख काका: पण मग नुसतं पडूनच राहायचं का? त्यानंही माणूस खचतो.

डॉ. अनघा: बरोबर बोललात काका, नुसतं पडून राहूनही स्नायू ढिले पडतात. मधला रस्ता काढायचा. सुवर्णा, वाईट दिवशीसुद्धा किती वेळ उभं राहून काम केलं तर दुसऱ्या दिवशी त्रास वाढत नाही?

सुवर्णा: ओट्यापाशी पंधरा मिनिटं. त्याच्यापुढे नाही.

डॉ. अनघा: मग तुझं माप पंधरा मिनिटं. चांगल्या दिवशीसुद्धा पंधराच, हे सगळ्यात अवघड आहे. पंधरा मिनिटं काम, मग वीस मिनिटं बसायचं किंवा आडवं व्हायचं, आणि ते दमायच्या आधी. दमल्यावर बसलीस तर उशीर झालेला असतो. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, सगळं बसून. भाकरी थापणं हे खांद्याचं आणि कमरेचं मोठं काम आहे, पंधरा दिवस विकतच्या कडक भाकरी आण आणि आमटीत कुस्करून खा. चालायचं ते खाली पार्किंगमध्ये, पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी, बोलता बोलता धाप लागणार नाही इतक्याच वेगानं. पूर्ण आठवडा एकदाही आपटली नाहीस तर एक-एक मिनिट वाढव. वाढवायचं ते एका वेळी एकच, चालणं तरी नाहीतर काम तरी. आणि आपटलीस तर मागच्या मापावर ये, घाबरू नकोस.

श्रीनिवास अण्णा: वहिनी, पाण्याचं आमच्याकडं लागलं. माझा पोरगा आणि मी भरून वर आणून देतो. पुढचे दोन महिने तुम्ही खाली यायचं नाही.

सुवर्णा: अण्णा, खूप आधार वाटला. ताई, दुपारी दोन-दोन तास झोप लागते आणि रात्री दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. काय करू?

डॉ. अनघा: दुपारी झोप, पण अर्ध्या तासाचा गजर लाव आणि तीनच्या आत उठ. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेव, उठल्यावर गॅलरीत उजेडात बस. चारनंतर चहा नको. नवरा म्हणत असेल की तू घोरतेस, झोपेत श्वास अडकतो, तर तेवढं मला कळव, तो वेगळा विषय आहे.

ज्योती (४०३): ताई, खायचं काय? माझ्या सासूबाई सांगतात, आजारपणात पेज आणि मऊ भात.

डॉ. अनघा: तापात ठीक होतं, आता पेजेवर राहिली तर भरून कसं येणार? आजारात स्नायू झिजलेले असतात, त्यांना प्रथिनं लागतात, आणि ती दिवसभर थोडी-थोडी. आपल्या शेंगाचटणीला कमी समजू नका, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यातून सहा. घट्ट वरण, दही, मटकी, जे रुचेल ते, प्रत्येक जेवणात काहीतरी. फक्त जेवणाबरोबर किंवा लगेच वर चहा नको. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तास-दीड तास जाऊ द्या. लिंबू मात्र जरूर पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं.

ओंकार (५०१): डॉक्टर, मलापण गेल्या महिन्यात व्हायरल झालं होतं. जिम परत सुरू केली. काल ट्रेडमिलवर छातीत धडधड झाली आणि डोळ्यापुढं अंधारी आली. हे पण थकव्यातलंच का?

डॉ. अनघा: नाही. जिम आजपासून बंद, आणि आजच डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढ. विषाणूमुळं कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. अशा वेळी जोराचा व्यायाम धोक्याचा. छातीत दुखलं किंवा परत चक्कर आली तर गाडी चालवत जाऊ नकोस, कुणालातरी बरोबर घेऊन थेट इमर्जन्सीत जा.

ओंकार: निघालो.

श्रीनिवास अण्णा: मॅडम, एका लॅबचं पॅम्प्लेट आलंय, सत्तर-ऐंशी तपासण्या स्वस्तात. वहिनींना तेच करून टाकायला सांगू का?

डॉ. अनघा: नको अण्णा. ऐंशी तपासण्या केल्या की दोन-चार आकडे रेषेच्या जरा बाहेर येणारच, आणि माणूस त्यांच्या मागं धावत बसतो. दर आठवड्याला थोडी का होईना सुधारणा दिसत असेल तर चार आठवडे थांबायला हरकत नसते. पण सुवर्णाचा पाचवा-सहावा आठवडा आहे. सुवर्णा, पाळी कशी आहे?

सुवर्णा: तापानंतर फार अंगावरून जातंय. सात-आठ दिवस. आधीही जास्तच होतं, पण इतकं नाही. जिना चढताना धाप लागते.

डॉ. अनघा: मग तुझ्या तपासण्या आत्ताच. सीबीसी, फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच, उपाशीपोटी साखर, बी-१२, आणि लिव्हर-किडनीची साधी तपासणी, कारण डेंग्यूत लिव्हरला झळ बसते. तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून घे. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना सांग, त्यातल्या बायोटिनमुळं थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. आणि बी-१२ चं इंजेक्शन आधी घेऊन मग तपासणी करू नकोस, मग तो आकडा कशाचाच उरत नाही.

गुरुवार

सुवर्णा: रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.२, एमसीव्ही ६९, फेरिटिन ७. टीएसएच ५.८. साखर, बी-१२, लिव्हर, किडनी ठीक. थायरॉइड बघून झोप उडाली.

डॉ. अनघा: थायरॉइडचं आत्ता बाजूला ठेव. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही काळ जरा वर जातो आणि आपोआप खाली येतो. लगेच गोळी नको. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर परत कर, मग ठरवता येईल. खरी गोष्ट पहिल्या तीन आकड्यांत आहे. बायकांचं हिमोग्लोबिन बाराच्या वर हवं. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार, तो ८० च्या खाली गेलाय, म्हणजे पेशी बारीक झाल्यात. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं, त्यामुळं आजारानंतर ते नॉर्मल आलं तरी गाफील राहायचं नसतं. पण तुझं इतकं कमी आहे की शंकाच नाही, साठा संपलाय.

सुवर्णा: म्हणजे डेंग्यूचा थकवा नव्हताच का?

डॉ. अनघा: दोन्ही आहे. गुरुवारी आपटत होतीस ते आजारामुळं, आणि जिना चढताना धाप लागत होती ती रक्त कमी म्हणून. लोह बहुतेक डेंग्यूच्या आधीपासूनच कमी होतं, आजारानं उघडं पाडलं. तुझे डॉक्टर लोहाची गोळी देतील, ती चहा, दूध, कॅल्शियमबरोबर नको. शौचाला काळपट होईल, ते गोळीमुळं. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन चढायला लागतं, पण आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी सोडायची नाही, साठा भरायला पुढं तीन महिने लागतात. आणि रक्तस्राव जास्त का होतोय ते स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, नाहीतर वरून भरायचं आणि खालून गळत राहायचं. पंधरा मिनिटांचं माप तसंच चालू ठेव.

देशमुख काका: अनघा, मी ऐकून घेतोय सगळं. सुवर्णा, तलाव कुठं पळून जात नाही, बरी झालीस की आपण सगळेच जाऊ.

ज्योती: ताई, आमच्या धुण्याभांड्याच्या मावशींबद्दल विचारू का? त्यांनाही दोन महिन्यांपूर्वी ताप आला होता, तेव्हापासून गळाल्यात. नवरा यंत्रमागावर आहे, त्यामुळं काम सोडता येत नाही म्हणतात. त्यांनाही हेच सांगते, थोडं थोडं काम करा म्हणून?

डॉ. अनघा: खोकला आहे का? वजन?

ज्योती: खोकला आहे, तीन आठवडे झाले असतील. ब्लाऊज ढगळ झालेत. संध्याकाळी अंग गरम लागतं म्हणतात, रात्री घाम येतो.

डॉ. अनघा: मग हे त्यातलं नाही. विषाणूनंतरच्या थकव्यात वजन असं उतरत नाही आणि रोज संध्याकाळी ताप येत नाही. आधी क्षयरोगाची तपासणी हवी. सिव्हिलला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, निघालं तर औषधंही फुकट. दाखवायला जाताना साखर तपासायलाही सांगा. थुंकी सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून काढलेली हवी, नुसती लाळ नको. तोपर्यंत तोंडाला मास्क, आणि घरी लहान मुलं असतील तर त्यांचंही डॉक्टरांना सांगायचं.

ज्योती: नातवंडं आहेत दोन. उद्या मी सुट्टी टाकते, मीच घेऊन जाते त्यांना.

सुवर्णा: ज्योती, त्यांना एकही दिवसाचा पगार कापला जाणार नाही असं सांग. आमच्या घरचं काम महिनाभर आम्ही बघू.