उत्तर: पन्नास संदर्भांसाठी झोटेरोच घ्या

"पन्नासेक संदर्भ आहेत, पहिल्यांदाच प्रबंध लिहितेय. झोटेरो, मेंडेली की साधी एक्सेल शीट?"

झोटेरो घ्या. झोटेरो आणि मेंडेली ही दोन्ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर आहेत. यादी ठेवायला पन्नास ओळींची शीट पुरते, पण खरं काम पुढे असतं. मार्गदर्शकांनी संदर्भ लिहिण्याची एपीए शैली बदलून एमएलए शैली मागितली, की शीटमधली प्रत्येक नोंद हाताने पुन्हा लिहावी लागते. झोटेरोत शैली बदलली की वर्डमधले मजकुरातले संदर्भ आणि शेवटची सूची एकदम बदलते. मेंडेलीही हे करतं, पण त्याचं आताचं प्लगइन फक्त वर्डसाठी आहे. झोटेरो लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्समध्येही चालतं.

लेखाचा डीओआय हा ओळख क्रमांक किंवा पुस्तकाचा आयएसबीएन जादूच्या कांडीच्या बटणात (`Add Item(s) by Identifier`) टाका, बहुतेक नोंदी आपोआप भरतात. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो, ती हाताने भरा.

इथेच एक चूक हमखास होते. लेखक म्हणून 'महाराष्ट्र शासन' भरताना 'शासन' आडनावाच्या आणि 'महाराष्ट्र' नावाच्या रकान्यात गेलं, तर सूचीत 'शासन' आधी येऊन नाव उलटं छापलं जातं. नावाशेजारचं छोटं बटण दाबून दोन रकान्यांचा एक करा आणि पूर्ण नाव तिथे लिहा. संस्था, मंडळं, आयोग सगळ्यांना हेच लागू.

आधी पाचच नोंदी भरा, वर्डमध्ये सूची काढून नीट वाचा, मग उरलेल्या पंचेचाळीस भरा. चुका पाचातच दिसतात, तेव्हा दुरुस्तीही सोपी पडते.