टाकीच्या मेसेजवर आलेले "हो" नक्की कशाला?

सेक्रेटरी (ए-१०२): नमस्कार मंडळी, येत्या रविवारी टाकी साफ करणारे सकाळी ९ ला येतायत, संध्याकाळी ५ पर्यंत पाणी बंद राहील, कोणाला अडचण आहे का की पुढच्या रविवारी ठेवू? खर्च सिंकिंग फंडातून टाकायचा नाही ना? टँकर सांगून ठेवू का?

बी-३०४: हो

ए-४०१: हो

सी-१०३: 👍

बी-२०२: हो काका

सेक्रेटरी (ए-१०२): छान, सगळ्यांचं हो आलंय, मग याच रविवारी फिक्स, टँकरवाल्याला फोन करतो

बी-३०४: अहो थांबा थांबा, मी अडचण आहे म्हणून हो लिहिलं! रविवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे, तीस-पस्तीस माणसं जेवायला, पाणी बंद ठेवून कसं होणार

ए-४०१: आणि माझा हो टँकरला नाहीये काका. मी लिहिलं तेव्हा टँकरची ओळच नव्हती मेसेजमध्ये

सेक्रेटरी (ए-१०२): ती ओळ नंतर टाकली खरी, एडिट करून

सी-३०१: काका, फोन करायच्या आधी जरा थांबा प्लीज. तुमच्या एका मेसेजमध्ये चार प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला हो लावला की वेगळाच अर्थ निघतो. "अडचण आहे का" ला हो म्हणजे अडचण आहे, म्हणजे याच रविवारी नको, आणि तुम्ही ते बरोब्बर उलटं धरलंत. "की पुढच्या रविवारी ठेवू" हा पर्याय विचारलाय, तिथे नुसतं हो आलं तर हा रविवार की पुढचा ते कसं कळणार. "सिंकिंग फंडातून टाकायचा नाही ना" ला हो म्हणजे आपल्या बोलण्यात "हो, नाही टाकायचा", पण कोणी घाईत वाचलं तर "हो, टाका" असंही धरेल, आणि तो फंड जनरल बॉडीच्या ठरावाशिवाय वापरता येत नाही, त्यामुळे तिथे असा अर्धवट हो पुढे कोणी दाखवला तर वाद होईल. एकच अक्षर आणि निदान तीन निर्णय त्यावर लटकलेत.

बी-२०२: मी तर शेवटचं वाचलं फक्त, टँकरचं. बाकीचं वर राहिलं

सी-३०१: तेच ना, बऱ्याच जणांचं लक्ष शेवटच्या प्रश्नचिन्हाकडे जातं. आणि ए-४०१ म्हणतायत ते वेळेवरून तपासता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटं एडिट करता येतो आणि वेळेजवळ एडिट झाल्याची खूण दिसते, पण आधी काय लिहिलं होतं ते चॅटमध्ये समोर दिसत नाही. म्हणजे आधी आलेला हो नव्या ओळीच्या खाली जाऊन बसतो आणि वाटतं हा टँकरलाच मंजुरी. म्हणून हो येऊ लागल्यावर जुन्या मेसेजमध्ये नवा प्रश्न घालू नका, नवीन मेसेज टाका.

सी-१०३: मग स्वाइप करून रिप्लाय दिला असता तर चाललं असतं की

सी-३०१: ह्या मेसेजला नाही, स्वाइप केलं तरी त्यावर अख्खा मेसेजच जोडला जातो, त्यातला कुठला प्रश्न ते कळत नाही. प्रश्न वेगवेगळ्या मेसेजमध्ये असतील तर मात्र स्वाइपचा खरा उपयोग. तुमच्या 👍 चंही तसंच आहे दादा, तो वाचलं म्हणून की मान्य म्हणून?

सी-१०३: वाचलं म्हणून 🙏 टँकर मला नकोय खरं तर, ८ तासांसाठी बादल्या भरून ठेवू ना

ए-४०१: तारखेसाठी पोल टाका काका, दोन पर्याय, हा रविवार किंवा पुढचा

सी-३०१: पोल बरोबर, फक्त एकापेक्षा जास्त पर्याय निवडायची परवानगी बंद करा, नाहीतर लोक दोन्हीवर टिक करतात. आणि मत नंबरप्रमाणे मोजलं जातं, फ्लॅटप्रमाणे नाही, आमच्याच घरातले दोघं ग्रुपवर आहेत, त्यामुळे कोणी मत दिलंय ती यादी उघडून एका फ्लॅटचं एकच धरा. फंडाचं पोलमध्ये घालूच नका, ते मीटिंगचं काम. टाकीसफाई मेंटेनन्समधून होते तशी होऊ द्या.

बी-३०४: आणि अडचण विचारायची असेल तर "ज्यांना अडचण आहे त्यांनी फ्लॅट नंबर आणि कारण लिहा" असं लिहा ना, मग नुसतं हो कोणी लिहिणारच नाही

सी-३०१: एकदम बरोबर काकू. फक्त कोणी काहीच लिहिलं नाही तर ते सगळ्यांना चालतंय असं समजू नका काका, ए-३०२ च्या आजोबांनी मेसेज उघडलेलाच नसतो, त्यांना इंटरकॉमवर विचारावं लागेल

सेक्रेटरी (ए-१०२): पटलं. वरचा मेसेज डिलीट करतो

सी-३०१: डिलीट नको काका, खालचे हो तसेच राहतील आणि ते कशाचे हेच कळणार नाही. त्याखाली एवढंच लिहा की आधीचे हो धरलेले नाहीत

सेक्रेटरी (ए-१०२): वरच्या मेसेजवरचे सगळे हो आणि 👍 रद्द समजावेत. तारखेचा पोल खाली टाकतोय, बुधवारी रात्री ९ पर्यंत मत द्या. टँकर हवा की नको हा वेगळा मेसेज, त्याला स्वाइप करून "हवा" किंवा "नको" एवढंच लिहा.

बी-२०२: नको

सेक्रेटरी (ए-१०२): अहो मेसेज यायचाय अजून