विषय: ड्रायर: लोकरीचे गोळे की ड्रायर शीट?

वृंदा:

नमस्कार मंडळी,

कार्यक्रमाच्या मेलांमध्ये हा घरगुती प्रश्न घुसडतेय, सांभाळून घ्या. ड्रायरमध्ये मी आजवर ड्रायर शीट टाकत आले. आता सगळे म्हणतात की लोकरीचे गोळे टाक, कपडे लवकर वाळतात आणि चिकटतही नाहीत. सहा गोळे आणले. चादरी खरंच जरा लवकर वाळल्यासारख्या वाटतात, पण मुलांचे जर्सी आणि फ्लीस बाहेर काढताना चटचट आवाज येतो, मोजे पाठीला चिकटून बसतात. गोळे वाईट निघाले की मीच काही चुकीचं करतेय?

दिलीप:

वृंदा, गोळे चांगलेच असतात. लोकर पाणी शोषून घेते, म्हणून कपडे लवकर वाळतात. साधं शास्त्र आहे. स्टॅटिकसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा सोबत टाक, वीज त्यातून निघून जाते. आणि शीट बंदच कर, सगळं रसायन असतं त्यात.

सुलभा:

आमच्याकडे शीटमुळे टॉवेल पाणी टिपेनासे झाले होते. अंग पुसायला जावं तर पाणी नुसतं इकडून तिकडे सरकायचं. नातवाच्या अंगावर पुरळही उठलं. बिनवासाचा कंडिशनर घेतला तर चालेल का? तो धुताना टाकायचा असतो ना?

अनंत:

वृंदा, तुझं काही चुकत नाही. तू एका वस्तूकडून दोन वेगळी कामं मागते आहेस, आणि गोळ्याला त्यातलं एकच थोडंफार जमतं. मी कापड प्रक्रियेच्या खात्यात नोकरी केली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी वाळण्याचं बघू. समज, चादर, रजईची खोळ आणि उशांचे अभ्रे मिळून कोरडं वजन ३ किलो आहे. पिळून काढल्यावर तेच ४.८ किलो भरलं, म्हणजे १.८ लिटर पाणी उडवायचंय. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट उष्णता लागतेच, म्हणजे इथे १.१ युनिटच्या वर. साध्या हीटरचा ड्रायर २.५ किलोवॉटचा धरला तर काहीही वाया न जाता सत्तावीस मिनिटं, प्रत्यक्षात बरीच जास्त. हे गणित गोळे बदलू शकत नाहीत.

दिलीपराव, लोकर पाणी घेते हे खरं, पण किती ते बघा. सहा गोळ्यांचं वजन पाव किलोच्या आतबाहेर. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा दमटपणा ओली न वाटता धरते, म्हणजे फार तर ऐंशी मिली. १.८ लिटरपुढे ते काहीच नाही. शिवाय ते पाणीही ड्रायरमधून बाहेर काढायचंच असतं, नाहीतर पुढच्या फेरीत गोळे ओलेच राहतील.

मग चादरी लवकर का वाळल्या? कारण खोळीत चादर आणि अभ्रे शिरून गच्च पुरचुंडी होते. बाहेरचं कापड कोरडं होतं, आतलं ओलं राहतं, आणि गरम हवा काम न करताच बाहेर जाते. गोळे मध्ये आपटत राहिले की पुरचुंडी उशिरा होते आणि वाया जाणारी हवा थोडी कामी येते. म्हणून चादरी, जाकिटं, मोठे टॉवेल यांना फरक दिसतो. चार टी-शर्ट आणि पॅन्ट असल्या तर फरक शोधावा लागेल. खोळीची बटणं लावून टाकलीस तर अर्धं काम गोळ्यांशिवाय होतं.

खरा वेळ वाचतो तो धुण्याच्या यंत्रात. त्याच कपड्यांना जास्त वेगाने पिळलं आणि ते ४.८ ऐवजी ४.५ किलो भरले, तर वाळवायच्या पाण्याचा सहावा हिस्सा आधीच गेला.

पडताळायचं असेल तर सामानाचा वजनकाटा घे. तेच कपडे, तोच पिळण्याचा वेग, तीस मिनिटांचा ठरावीक वेळ लाव (आपोआप थांबणारा कार्यक्रम नको), आणि एकदा गोळ्यांसह, एकदा गोळ्यांशिवाय वजन कर. ड्रायर दोन्ही वेळा गार असू दे, नाहीतर दुसरी फेरी उगाच जिंकते.

वृंदा:

काका, मस्त. आणि ते चटचट? फॉइलचा गोळा करू का?

अनंत:

नको. ड्रममध्ये तो कपड्यांना जिथे टेकेल तिथे टेकेल, पण वीज पॉलिएस्टरच्या सगळ्या अंगावर बसलेली असते आणि तिथून सरकत नाही. ड्रमही धातूचाच आहे की, तोही तिला पुरत नाही.

चटचट कधी होते ते बघ. कपडे ओले असतात तोवर पाणीच वीज वाहून नेतं. तुझ्या जर्सी आणि फ्लीस पंधरावीस मिनिटांत कोरड्या होतात, पण सोबतची सुती पॅन्ट ओली असते, म्हणून ड्रायर फिरतच राहतो. साध्या हवेत सुती कापड वजनाच्या सातआठ टक्के पाणी धरून असतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. तेव्हा शेवटी अर्धा तास कोरडठाक पॉलिएस्टर सुतावर घासत असतं. लोकरीचे गोळे त्या घासण्यात भरच घालतात, लोकरही घासल्यावर वीज धरणारीच.

म्हणून कृत्रिम धाग्याचे कपडे वेगळे वाळव आणि किंचित दमट असतानाच काढून टांग. मिसळून टाकायचेच असतील तर शेवटची पाच मिनिटं एक हातरुमाल ओला करून, घट्ट पिळून टाक. लोक गोळाच ओला करतात, तेही चालतं, पण मग काम पाणी करतं, गोळा नाही.

शीट मात्र हे काम खरोखर करते. तिच्यावर मेणासारखा थर असतो, गरम झाला की मऊ पडून कपड्यांवर चढतो. धागे गुळगुळीत होतात, हवेतला थोडा ओलावा धरतात आणि वीज साठत नाही. पण सुलभाताई, तोच थर तुमच्या टॉवेलवर बसला. कंडिशनरचंही टॉवेलला तेच, बिनवासाचा घेतला तरी. पुरळ कशाने उठलं ते मात्र डॉक्टरच सांगतील.

दिलीप:

म्हणजे रसायन वाईटच की! आमचा ड्रायर हल्ली ओले कपडे असतानाच थांबतो. गोळ्यांमुळे तर नाही ना?

अनंत:

त्याचंही बघा. दाराच्या आतल्या बाजूला, बहुतेक जाळीजवळ, दोन धातूच्या पट्ट्या असतात. ओलं कापड दोन्हींना टेकलं की त्यातून वीज जाते आणि ड्रायरला कळतं की अजून ओलं आहे. शीटचा थर पट्ट्यांवर बसला की वीज जात नाही, ड्रायरला वाटतं वाळलं. कापसावर थोडं रबिंग अल्कोहोल घेऊन पुसा, बोटाला तेलकट चिकटपणा लागणार नाही इतपत. फार कमी कपडे टाकले तरी असं होतं, कारण ते पट्ट्यांना टेकतच नाहीत.

जाळीही काढून नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं तर थर बसलाय. साबण आणि मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळवून परत बसवा.

मुग्धा:

उशिरा वाचतेय. गोळ्यांवर सुगंधी तेलाचे थेंब टाकतात, ते चालतं का? वास छान येतो.

अनंत:

तेल गरम ड्रममध्ये घालू नका. तेल लागलेलं कापड गरम ढिगात पडून राहिलं तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं, म्हणूनच तेलकट कपडे ड्रायरमध्ये टाकू नका असं माहितीपुस्तिकांत लिहिलेलं असतं.

वृंदा:

वजनकाटा उसना आणलाय. शनिवारी खोळ आणि चादरी करून आकडे टाकते. मात्र पांढऱ्या गोळ्यांची लव काळ्या पॅन्ट्सना चिकटते, त्याचं काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही. गडद रंगाचे गोळे कोणी वापरलेत का?