३१वा आठवडा: अंगावरून जातंय ते पांढरं, लघवी की पाणी? कसं ओळखू?

अबोली_पहिलटकरीण
नमस्कार. मला ३१ आठवडे आणि दोन दिवस झालेत. सातव्यात माहेरी आणलं, त्यामुळे सध्या गावी आहे. तालुक्याचा दवाखाना इथून २२ किलोमीटर. तिसऱ्या महिन्यापासूनच अंगावरून पांढरं जातंय. दुधासारखं, पातळ. पुण्याच्या मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं की हे नॉर्मल आहे, वाढतच जाईल. पण परवापासून फरक वाटतोय. दिवसातून तीनदा निकर बदलावी लागते. शिंकले की ओलं होतं, आणि पहाटे उठून उभी राहिले की एकदम ओघळ आल्यासारखं वाटतं. किंचित वासही येतो. खाज नाही, पोटात दुखत नाही, बाळ फिरतंय. आई म्हणते दिवस भरत आले की असं व्हायचंच. पुढची तपासणी शुक्रवारी आहे, म्हणजे चार दिवसांनी. थांबू का? आणि घरच्या घरी काही ओळखता येतं का?

रानजाई
अबोली, अंगावरून पांढरं गेलं की बाईची ताकद जाते गं. माझ्या वहिनीला लग्नानंतर दोन वर्षं हाच त्रास होता, कंबर अगदी मोडून जायची. तांदळाच्या धुवणात जिऱ्याची पूड घालून सकाळी घ्यायची, महिन्यात फरक पडला. तिखट बंद कर.

सिस्टर_सातारा
रानजाई, तुमच्या वहिनीची गोष्ट वेगळी. ती गरोदर नव्हती. हिला पोटात बाळ आहे आणि हिचा प्रश्न अशक्तपणाचा नाही, पाणी गळतंय का हा आहे.

अबोली, मी २७ वर्षं प्रसूती कक्षात काम केलंय, आता निवृत्त आहे. तुझी आई अर्धी बरोबर आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, तिकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि गर्भाशयाचं तोंड जास्त स्राव करतं, म्हणून पांढरं वाढतं. पण ते हळूहळू, महिन्या-महिन्याने वाढतं. तू लिहिलंस की परवापासून फरक पडला. मला खटकलं ते तेवढंच, आणि पहाटेचा ओघळ.

आता एक कर. लघवीला जाऊन ये, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. पुसून कोरडी हो आणि साधा पांढरा कापसाचा पॅड लाव. सुगंधी नको, आणि जेल भरलेला तर नकोच, तो सगळं शोषून घेतो आणि वर काहीच दिसत नाही. अर्धा तास कुशीवर आडवी राहा. मग उठून उभी राहा, दोनदा खोक, आणि पॅड उजेडात बघ. आडवं असताना पाणी आत मागच्या बाजूला साचतं आणि उभं राहिलं की एकदम खाली येतं, म्हणून ही युक्ती.

पांढरं असेल तर डाग मधोमध पडतो, त्याचा थर पॅडच्या वर दिसतो, बोटाला बुळबुळीत लागतो आणि वाळला की पिवळट, कडक होतो. पाणी असेल तर वर काहीच राहत नाही. सगळं आत शिरतं, ओल कडेपर्यंत पसरते आणि नवा पॅड लावला की तोही भिजतो. लघवी नाकाला कळते, आणि खोकल्या-शिंकल्यापुरतीच येते, मग थांबते. पाणी तू आवळून धरलंस तरी थांबत नाही.

मात्र ही परीक्षा दवाखान्यात जायचं ठरवायला आहे, न जायचं ठरवायला नाही. पॅड कोरडा निघाला तरी ओलं होणं चालूच असेल तर आजच जा, शुक्रवारची वाट बघू नकोस. अजून ३७ आठवडे झाले नाहीत, म्हणून सांगते. तोवर संबंध नकोत आणि आतून धुणंही नको. पाणी हिरवट किंवा लाल दिसलं, ताप आला, बाळ कमी फिरायला लागलं, तर पॅड बघत बसू नकोस, तशीच नीघ.

नचिकेतची_आई
मी इतकं घाबरवणार नाही. सरळ सोनोग्राफी करून घे. त्यात पाण्याचा आकडा येतो, ५ ते २५ मध्ये असला की लीक नाही, विषय संपला. माझा १४ होता. आणि रोज दोन शहाळी पी, पाणी भरून निघतं.

सिस्टर_सातारा
सोनोग्राफी हवीच, पण विषय तिथे संपत नाही ताई. पाणमोटेला वरच्या बाजूला बारीक भोक पडलं तर पाणी थेंबथेंब जातं. बाळ लघवी करत असतं आणि तीच त्या पाण्यात भर घालते. त्यामुळे गळती चालू असून आकडा छान दिसलेले रिपोर्ट मी स्वतः फायलीला लावलेत. आकडा कमी आला तर संशय वाढतो, चांगला आला म्हणून संशय जात नाही. शहाळं प्यायला हरकत नाही, पण त्याने भोक बुजत नाही.

दोन_पिल्लं
मी शक्यतो लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. धाकटीच्या वेळी ३३व्या आठवड्यात मला अगदी असंच झालं. मी चार दिवस पांढरंच समजत होते, कारण पाणी जातं म्हणजे धो धो जातं असं डोक्यात बसलेलं. माझं तसं नव्हतंच. ऑफिसात खुर्चीवरून उठले की चमचाभर, बस. रंग नाही, वास नाही. पाचव्या दिवशी पंजाबीच्या मागे ओला गोल दिसला, तेव्हा गेले.

तिथे डॉक्टरांनी बोटं घालून तपासलंच नाही. मला ते विचित्र वाटलं. नंतर कळलं की कळा नसताना बोटांनी तपासलं तर जंतू वर जायची भीती असते. स्पेक्युलम लावून दिव्याने बघितलं आणि खोकायला सांगितलं. खोकल्याबरोबर गर्भाशयाच्या तोंडातून पाणी येताना त्यांना दिसलं. त्याच दिवशी ॲडमिट. बाळाच्या फुप्फुसांसाठी बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं, सोबत अँटिबायोटिक. दिवसातून चारदा ताप बघायचे, बाळाचे ठोके आणि माझं रक्तही तपासायचे. असे अकरा दिवस काढले आणि ३४ आठवडे ५ दिवसांवर कळा सुरू झाल्या. बाळ दोन किलो शंभर ग्रॅमचं होतं, नऊ दिवस काचेच्या पेटीत. आता चार वर्षांची आहे, आत्ता शेजारी भिंतीवर खडू ओढतेय.

ते चार दिवस अजून मनातून जात नाहीत. अबोली, आज जा.

मोगरा_२०
मला सहाव्यात झालं ते पनीरच्या चुऱ्यासारखं घट्ट होतं आणि खाज तर रडू येईल अशी. मेडिकलवाल्याने एकच कॅप्सूल दिली, दोन दिवसांत बरं. अबोली, तीच घे ना, तपासणीला कशाला पळायचं?

सिस्टर_सातारा
मोगरा, तुमचं वर्णन बुरशीचं आहे, आणि ती गरोदरपणात खूप जणींना होते. पण तोंडाने घ्यायची ती कॅप्सूल पोटुशीने दुकानातून परस्पर घेऊ नये. बहुतेक वेळा आत ठेवायच्या गोळ्या देतात, आणि त्या सहा-सात दिवस पुऱ्या कराव्या लागतात. शिवाय हिला खाज नाही, घट्टही नाही. हिला वास आहे. अबोली, वास कसला ते सांग. आंबूस, की मासळीसारखा?

अबोली_पहिलटकरीण
सिस्टर, मासळीसारखाच. सुकट भाजताना येतो ना, तसा. लिहायला लाज वाटत होती. तुम्ही सांगितलं तसं केलं. उभी राहून खोकले तर चार बोटं रुंद डाग, करडट पांढरा, पातळ. वर थर होता, पण कडेने ओलही पसरलेली. मला काही ठरवता येईना. भाऊ गाडी काढतोय, निघालो.

सिस्टर_सातारा
बरं केलंस. फाईल घे, पॅड पिशवीत घालून सोबत ने. आणि तिथे पोचल्यावर ‘पांढरं जातंय’ म्हणू नकोस, ‘पाणी जातंय का याची शंका आहे’ असंच म्हण. पांढरं म्हटलं की बाहेर बाकावर बसवून ठेवतात.

अबोली_पहिलटकरीण
आत्ता घरी पोचले, रात्रीचे साडेनऊ झालेत. सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

तिथल्या मॅडमनी स्पेक्युलम लावून बघितलं. आत पाणी साचलेलं नव्हतं, खोकल्यावरही काही आलं नाही. मग एक पिवळी पट्टी लावली आणि ती निळी झाली. पट्टी निळी झाली म्हणजे पाणी असू शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलेलं, त्यामुळे माझे हातपाय गार पडले. त्यांनी घाई केली नाही. काचेवर नमुना घेऊन वाळवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. गर्भजल असेल तर वाळल्यावर नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते म्हणे. ती नव्हती. दुसऱ्या काचेवर बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघालं. सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात. सोनोग्राफीत पाण्याचा आकडा १३. शिंकल्यावर येते ती लघवीच, असं त्यांचं मत.

पण पहाटेच्या ओघळाचं काय, हे विचारलं तर म्हणाल्या, ‘आज तरी पाणी दिसलं नाही, एवढंच मी सांगू शकते.’ दोन दिवसांनी परत बोलावलंय. तोवर दर चार तासांनी ताप मोजायचा, पॅड वापरायचा आणि भिजला की लगेच यायचं. सिस्टर, पट्टी चुकली कशी?

सिस्टर_सातारा
पट्टी चुकली नाही, तिने तिचं काम केलं. तिला पाणी ओळखता येत नाही, आंबटपणा तेवढा कळतो. निरोगी जागा आंबट असते, पीएच साधारण ४ च्या आसपास. गर्भजल ७ च्या वर, म्हणून पट्टी निळी होते. पण तुला जो जंतूंचा त्रास निघाला, त्यातही तो आंबटपणा जातो आणि पट्टी निळीच दिसते. रक्त लागलं किंवा वीर्य असलं तरी तसंच. म्हणून निळ्या पट्टीवरून कुणी निकाल देऊ नये. तुझ्या मॅडमनी काच बघितली, हे फार चांगलं झालं. गोळ्या अर्ध्यावर सोडू नकोस, वास गेला तरी. या जंतूंचा संबंध दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याशी लावतात.

पहाटेचं मलाही सांगता येणार नाही. रात्रभर साचलेलं पातळ पांढरंही उभं राहिल्यावर असंच येतं.

दोन_पिल्लं
वाचून जीव भांड्यात पडला गं. तरी एक विचारते, तिथे लवकर आलेल्या बाळाला ठेवायची सोय आहे का? माझ्यासारखं झालं असतं तर?

अबोली_पहिलटकरीण
हेच आज कळलं, नाही. तशी सोय जिल्ह्याला, इथून ७० किलोमीटर. नवरा म्हणतो पुण्याला परत ये. आई रुसलीये, माहेरपण अर्धवट नको म्हणते. सध्या १०८ चा नंबर भावाच्या आणि शेजारच्या काकांच्या फोनमध्ये टाकलाय. परवा तपासणी झाली की ठरवू.

सिस्टर_सातारा
परवा जाताना आईला सोबत घेऊन जा. मॅडमनी तुझ्यासमोर जे सांगितलं, ते त्यांना त्यांच्याच तोंडून ऐकू दे. उद्या सकाळी उठलीस की पॅड कसा होता ते इथे लिही.