१२, १५ आणि २० ने भागल्यावर ५ उरणारी लहानात लहान संख्या: ५ की ६५?

पिंपळपान
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मुलगी सहावीत आहे. काल तिच्या सराववहीत हे गणित आलं: "१२, १५ आणि २० ने भागल्यास प्रत्येक वेळी ५ बाकी उरते, अशी लहानात लहान संख्या कोणती?" तिनं काहीही आकडेमोड न करता ५ लिहिलं. वहीच्या शेवटी उत्तर ६५ दिलंय. मी तिला शिकले होते तशी रीत दाखवली: तिघांचा लसावि ६०, त्यात ५ मिळवायचे, ६५. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "रीत कळली आई, पण माझं चुकलं कुठे?"

मला सांगता आलं नाही. ५ ला १२ ने भागायला गेलं तर ५ तसेच उरतात, १५ ने आणि २० ने पण तेच. "उत्तर असंच दिलंय" एवढंच सांगून तिला गप्प करायचं नाहीये. तिचं खरंच चुकलंय का?

सरळरेघ
ताई, ५ हे उत्तर चूकच आहे. ५ मध्ये १२ चा भागच जात नाही. भाग गेला नाही तर भागाकार झाला नाही, आणि भागाकारच नाही तर बाकी कुठून येणार? ६५ चा पडताळा करा: बारा पाचे साठ, उरले ५. पंधरा चोक साठ, उरले ५. वीस त्रिक साठ, उरले ५. तिन्ही ठिकाणी नीट भाग जातोय. मुलीला रीत पक्की करायला सांगा, परीक्षेत हेच लागतं.

जुनीपाटी
सरळरेघ, तुमचा पडताळा बरोबर आहे, पण "भागाकार झालाच नाही" हे मान्य करता येत नाही. मी बरीच वर्षं गणित शिकवलंय, आणि ही समजूत मुलांना पुढे फार नडते.

१२०५ ला १२ ने भागून बघा. १२ मध्ये १२ एकदा. मग वरचा ० खाली घेतला, ० मध्ये १२ शून्य वेळा. मग ५ खाली घेतला. ५ मध्ये १२ किती वेळा? शून्य वेळा, म्हणून भागाकारात ० लिहितो आणि ५ बाकी ठेवतो. उत्तर येतं भागाकार १००, बाकी ५. शेवटच्या पायरीवर आपण ५ ला १२ नेच भागलं की नाही? तिथे "भाग जात नाही, म्हणजे भागाकार झाला नाही" असं म्हणून थांबलो असतो तर भागाकार १० वरच राहिला असता. मुलांची ही चूक मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

बाकीवर अट एकच असते: ती शून्य किंवा शून्यापेक्षा मोठी हवी आणि भाजकापेक्षा लहान हवी. भागाकार किती असावा यावर काहीच अट नाही. ५ = १२ × ० + ५ यात काही वावगं नाही. तेव्हा पिंपळपान ताई, प्रश्न जसा छापलाय तसा वाचला तर तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर आहे.

पिंपळपान
हे वाचून फार बरं वाटलं. पण मग ६५ कुठून आलं? उत्तर देणाऱ्यानं काही विचार केलाच असेल ना?

जुनीपाटी
केलाय, पण अर्धा मनातच ठेवलाय. असं बघा. जी संख्या शोधायची तिच्यातून ती उरलेली ५ काढून टाकली, तर राहील त्याला १२, १५, २० या तिघांनीही निःशेष भाग जाईल. म्हणजे आपण खरं तर तिघांची सामाईक विभाज्य संख्या शोधतोय. अशा संख्या कोणत्या? ०, ६०, १२०, १८०... प्रत्येकीत ५ परत मिळवले की ५, ६५, १२५, १८५... ही सगळी उत्तरांची रांग झाली.

आता लसावि म्हणताना आपण ० सोडून देतो. सोडावाच लागतो, नाहीतर कुठल्याही संख्यांचा लसावि ० च येईल आणि त्याला काही अर्थ राहणार नाही. पण तो संकेत लसाविपुरता आहे. या प्रश्नात "लसावि" हा शब्दच नाही. प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात लसावि होता, त्याच्याबरोबर "० सोडा" हेही गुपचूप आत आलं, आणि उत्तर ५ ऐवजी ६५ झालं. ६० चं खरं काम पहिलं उत्तर देणं हे नाही. एका उत्तरावरून पुढच्यावर किती लांबीची उडी मारायची, ते ६० सांगतो.

रिकामीओंजळ
मला वाटतं तुम्ही सगळेच चुकताय. माझ्या भाच्याला हेच गणित होतं, १२, १५, २० चंच, आणि उत्तर ५५ होतं. लसाविमधून ५ वजा करायचे असतात, मिळवायचे नाहीत. मला चांगलं आठवतंय कारण त्यानं ६५ लिहिलं होतं आणि त्याचे गुण गेले.

जुनीपाटी
५५ ला १२ ने भागून बघा. बारा चोक अठ्ठेचाळीस, उरले ७. १५ ने भागलं तर १० उरतात, २० ने भागलं तर १५. एकदाही ५ उरत नाहीत. भाच्याच्या प्रश्नात बाक्या ७, १० आणि १५ अशा वेगवेगळ्या दिल्या असणार. तिथे प्रत्येक भाजक आणि त्याची बाकी यांतला फरक ५ आहे, म्हणजे तिन्ही वेळा ती संख्या पूर्ण भाग जायला ५ नी कमी पडते. म्हणून ६० मधून ५ वजा. इथे ५ जास्त आहेत, म्हणून मिळवायचे. "मिळवायचे की वजा" हे पाठ करू नका. संख्या पूर्ण गठ्ठ्यांच्या पुढे ५ आहे की मागे ५ आहे, एवढं विचारा.

रिकामीओंजळ
भाच्याची वही मागवून पाहिली. हो, बाक्या ७, १०, १५ अशाच आहेत. आकडे तेच असल्यामुळे मी गणितही तेच धरलं.

कोडखाना
मी हे संगणकाकडून करून घेतलं. १ पासून एकेक संख्या तपासायची आणि पहिली सापडली की थांबायचं:

```python
n = 1
while not (n % 12 == 5 and n % 15 == 5 and n % 20 == 5):
    n += 1
print(n)
```

उत्तर ५ आलं. पहिल्या ओळीत `n = 6` केलं की ६५ येतं. म्हणजे सगळा वाद सुरुवात कुठून करायची याचा आहे. आणि ऋण संख्यांना परवानगी दिली तर -५५ सुद्धा चालेल, कारण -५५ = १२ × (-५) + ५. त्याच्याही मागे -११५ आहे, मग "लहानात लहान" असं काही उरतच नाही. प्रश्नात "नैसर्गिक संख्या" हा शब्द असायलाच हवा होता. एक सावधगिरी: पायथनमध्ये `-55 % 12` हे ५ देतं, पण सी भाषेत तेच -७ येतं, त्यामुळे ऋण बाजू तपासताना भाषा बघून घ्या.

सरळरेघ
जुनीपाटींचं १२०५ चं उदाहरण पटलं, तिथे मी चुकलो. पण माझं म्हणणं व्यवहाराचं आहे. पर्यायांमध्ये ५ आणि ६५ दोन्ही असतील तर मुलीनं काय निवडायचं? तपासणाऱ्याकडे ६५ आहे. बरोबर असून गुण गेले तर काय उपयोग?

जुनीपाटी
पर्यायांत ५ नसेल तर प्रश्नच मिटला, ६५ लिहावं. दोन्ही असतील तर मी ५ च निवडायला सांगेन, कारण छापलेल्या शब्दांना तेच उत्तर आहे. लेखी परीक्षेत मात्र दोन्ही लिहावीत: "५; भागाकार शून्य नको असेल तर ६५." प्रश्न काढणाऱ्यानं "५ पेक्षा मोठी" एवढे दोनच शब्द घातले असते तर काही अडचण आली नसती.

सरळरेघ
मी ६५ च निवडायला सांगेन. इथे आपलं जमणार नाही.

पिंपळपान
काल तिला १२०५ करून दाखवलं. खूश झाली, आणि लगेच तिनं दुसरंच काही काढलं. ती म्हणते, "मी १२ आणि १५ चाच लसावि काढला तर ६० आला. मग २० कशाला दिलेत?" मी १५ आणि २० चा काढला, तोही ६०. १२ आणि २० चाही ६०! म्हणजे तीनपैकी एक संख्या फुकटच आहे का?

जुनीपाटी
मुलीची नजर चांगली आहे. हो, कुठलीही एक झाकली तरी उत्तर बदलत नाही. तिला ३, ४, ५ हे तीन आकडे एका त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर लिहायला सांगा आणि प्रत्येक बाजूवर तिच्या दोन टोकांचा गुणाकार लिहू द्या. ३ × ४ = १२, ३ × ५ = १५, ४ × ५ = २०. कुठल्याही दोन बाजू घेतल्या तरी तिन्ही कोपरे त्यांत येतात, म्हणून लसावि नेहमी ३ × ४ × ५ = ६०. आणि काही मुलं लसाविऐवजी तिघांचा सरळ गुणाकार करून ३६०५ लिहितात. त्यातही ५ उरतात, पण प्रत्येक कोपरा दोनदा मोजला गेल्यामुळे संख्या विनाकारण मोठी होते. ३६०० म्हणजे ६० × ६०.

चौकोन
हे कुठल्याही तीन आकड्यांना चालतं का? मी कोपऱ्यांवर २, ४, ५ घेतले. बाजू ८, १०, २०. पण १० आणि २० चा लसावि २० च येतो. २५ ला १० ने आणि २० ने भागलं तर ५ उरतात, ८ ने भागलं तर १ उरतो. फसलं.

जुनीपाटी
बरोबर पकडलंत. २ आणि ४ मध्ये २ सामाईक आहे, म्हणून फसलं. कोपऱ्यांवरच्या कुठल्याही दोन आकड्यांत १ सोडून सामाईक अवयव नसेल तर हमखास चालतं. ४, ५, ७ घेऊन बघा.

पिंपळपान
तिनं घेतले. बाजू २०, २८, ३५, कुठल्याही दोघांचा लसावि १४०. मग तिनं स्वतःच प्रश्न तयार करून बाबांना दिला: "२०, २८ आणि ३५ ने भागल्यास प्रत्येक वेळी ५ बाकी उरते, अशी ५ पेक्षा मोठी लहानात लहान संख्या कोणती?" "५ पेक्षा मोठी" खाली तिनं दोन रेघा मारल्यात. बाबांचं उत्तर १४५ आलं.