एका माणसाचा स्वयंपाक: पुस्तक आणि पहिली खिचडी
“वसतिगृहात पहिल्यांदाच एकटा राहणार आहे, इंडक्शनला परवानगी आहे. कोणते पुस्तक घेऊ?”

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (1970) घ्यावे, कारण त्यातील मापे वाटी-चमच्यांची असल्याने वजनकाटा लागत नाही. मात्र प्रमाण एका माणसापुरते कमी करताना पाणी त्याच हिशेबाने घटवू नये, कारण वाफेवाटे जाणारे पाणी तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही.

मुगाच्या खिचडीचेच पाहा. अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी डाळ धुऊन ठेवावी. इंडक्शनवर चालणाऱ्या दोन लिटरच्या कुकरमध्ये दोन चमचे तेल तापवून मोहरी तडतडली की आच कमी करावी आणि मगच हिंग-हळद घालावी. इंडक्शनवर तळ झपाट्याने तापतो व हळद करपून कडवट होते. त्यावर डाळ-तांदूळ परतून अडीच वाट्या पाणी व मीठ घालावे, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या कराव्यात. शिट्टी न होता झाकणाच्या कडेने वाफ येत राहिली, तर रिंग नीट बसलेली नाही असे समजावे. तसेच चालू ठेवल्यास पाणी आटून खिचडी तळाला लागते. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण उघडू नये, कितीही भूक लागलेली असली तरी.