'आपली विश्वासू' की 'आपली आज्ञाधारक'?

सहायक शिक्षिका, दारव्हा तालुका:
बहिणीच्या लग्नासाठी तीन दिवसांची किरकोळ रजा मागितली. वर 'आदरणीय सर, सा.न.वि.वि.' लिहिलं, खाली 'आपली विश्वासू'. मुख्याध्यापकांनी सा.न.वि.वि.ला लाल गोल केला, 'विश्वासू' खोडून 'आज्ञाधारक' केलं आणि अर्ज परत दिला. माझं चुकलं काय?

सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षक, आर्वी:
लाल गोल बरोबर आहे, खोडणं मला पटत नाही. सा.न.वि.वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ते घरातल्या वडीलधाऱ्यांना लिहायचं. अर्ज मात्र खुर्चीला असतो. उद्या तुमचे साहेबच रजेवर गेले, तर तोच कागद प्रभारी वाचतील, आणि ते तुमच्यापेक्षा वयानं लहानही असू शकतात. म्हणून 'प्रति, मा. मुख्याध्यापक', खाली शाळेचं नाव, मग विषय आणि 'महोदय'. नमस्कार वेगळा लागत नाही. स.न.वि.वि. शोभतं ते अर्धशासकीय पत्रात, कारण तिथे एक अधिकारी दुसऱ्याला नावानिशी लिहितो.

कारंजा (लाड) येथील पालक:
आमच्या पोरीच्या अर्जावर तर 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी' असंच लिहून घेतात. पाचवीपासून तेच. मग त्यात चुकीचं काय आहे जी?

अधीक्षक:
पोरीचं बरोबर आहे. विद्यार्थ्यानं गुरूंची आज्ञा पाळायची, हे नातंच तसं आहे. नोकरीत वरिष्ठांचा आदेश पाळावाच लागतो, पण तो नियमानं बांधलेला असतो. बाईंनी सही 'विश्वासू' म्हणून केली, ती पुरेशी आहे.

तरुण शिक्षक, मेहकर:
मी तर म्हणतो 'विश्वासू'ही काढा. रजा आपला हक्क आहे. 'मी १२ ते १४ रजेवर आहे' एवढं लिहिलं की झालं. 'कृपया', 'नम्र विनंती', 'सविनय सादर' हे सगळं साहेबी काळातलं ओझं आहे.

अधीक्षक:
हक्काची गोष्ट करू नका, बापू. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्येच म्हटलं आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. कामाची निकड असली तर ती नाकारता येते. म्हणून 'रजेवर आहे' ही अर्जाची भाषा नाही, ती कळवण्याची भाषा झाली. 'रजा मंजूर व्हावी, ही विनंती' इथे विनंती क्रियापदातच येते, आणि एकदाच येते. ती तीनदा लिहू नये, हे तुमचं म्हणणं मला मान्य.

तरुण शिक्षक:
पण मंजुरी मिळाल्यावर जायचं म्हटलं, तर रात्री घरी कोणाला बरं नसलं तेव्हा काय करायचं? त्या वेळी कळवण्याचीच भाषा लागते. याचं उत्तर नियमवाले देत नाहीत.

वरिष्ठ लिपिक, पुसद:
मायन्यावर भांडून राहिले, पण अर्ज बाकी ठिकाणी अडकतो. माझ्याकडे जे परत जातात, त्यांत दोन गोष्टी राहून गेलेल्या असतात. एक, किती दिवस आणि कोणते वार. दुसरी, मुख्यालय सोडण्याची परवानगी. बाई दारव्ह्याहून लग्नाला दुसऱ्या गावी जाणार, तर ती ओळ पाहिजेच. मजकूर असा चालेल:

'वरील विषयान्वये विनंती की, माझ्या धाकट्या बहिणीच्या विवाहानिमित्त मला गुरुवार, दि. १२ ते शनिवार, दि. १४ फेब्रुवारी अशी एकूण ३ दिवसांची किरकोळ रजा मंजूर व्हावी. तसेच रविवार, दि. १५ ची सुट्टी जोडून मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. सोमवार, दि. १६ रोजी मी कर्तव्यावर हजर होईन.'

खाली 'आपली विश्वासू', सही, नाव, पदनाम. आणि विषयात 'सुट्टी' लिहू नका, 'रजा' लिहा. सुट्टी साऱ्या शाळेला असते, रजा एकट्याची.

निवृत्त मराठी शिक्षिका, यवतमाळ:
विषयात 'रजा मिळण्याबाबत' लिहावं. 'मिळणेबाबत' ऐकताना मला आजही खटकतं.

वरिष्ठ लिपिक, पुसद:
तुमचं व्याकरण खरं, मॅडम, पण आमच्या साऱ्या फाइलींत 'मिळणेबाबत'च आहे. दोन्ही चालतात.

निवृत्त मराठी शिक्षिका, यवतमाळ:
चालतात म्हणून वर्गात शिकवायचे का? मी शिकवले नाहीत.

सहायक शिक्षिका, दारव्हा तालुका:
मजकूर उतरवून घेतला, सा.न.वि.वि. काढलं, मुख्यालयाची ओळ घातली. आता 'आज्ञाधारक'चं सांगा. सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. मी परत 'विश्वासू' लिहिलं तर त्यांना वाटेल मुद्दाम केलं, आणि लग्न चार दिवसांवर आलं आहे.

कारंजा (लाड) येथील पालक:
लिहून टाका बाई, तीन दिवसाचा प्रश्न आहे.

अधीक्षक:
नका लिहू. अर्ज नेऊन द्याल तेव्हा तोंडी सांगा की, 'सर, आज्ञाधारक विद्यार्थी लिहितात, म्हणून मी विश्वासू ठेवलं.' सौम्यपणे सांगितलं तर बहुतेक ऐकतात. नाही ऐकलं, तर लग्न महत्त्वाचं.